मुदत ठेवीचा स्क्रीन: मुदतपूर्तीची रक्कम, व्याज आणि कापलेला कर

बँकेच्या मोबाइल ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये मुदत ठेवीचे पान उघडले की चार-पाच ओळी ठळक दिसतात. Principal Amount म्हणजे ठेवलेली मुद्दल, Rate of Interest म्हणजे वार्षिक व्याजदर, Tenure म्हणजे मुदत, Maturity Date म्हणजे मुदत संपण्याची तारीख आणि Maturity Amount म्हणजे त्या तारखेला मिळणारी रक्कम. पहिल्यांदाच ठेव ठेवणाऱ्याची नजर यातल्या शेवटच्या आकड्यावर खिळते आणि तोच आकडा तो घरी सांगतो. हा आकडा बहुतेक बँकांत ठेव सुरू झाली त्याच दिवशी काढलेला असतो आणि तो काढताना कर कापला जाईल हे धरलेले नसते. कर पुढे, दरवर्षी, वेगळ्या नोंदीने कापला जातो. म्हणून मुदत संपल्यावर खात्यात पडणारी रक्कम स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा कमी भरू शकते. ती किती कमी असेल, का कमी असेल आणि त्यातले काय परत मिळेल, हे ठेवीदाराला आधीच काढता येते.

जालना जिल्ह्यात पहिली मोठी ठेव बहुधा एकरकमी आलेल्या पैशातून होते. अंबड, घनसावंगीकडच्या मोसंबीच्या बागेचा सौदा असतो, कापसाचे पैसे असतात किंवा निवृत्तीच्या वेळी मिळालेला फंड असतो. समृद्धी महामार्ग जालना आणि बदनापूर तालुक्यांतून गेला तेव्हा अनेक कुटुंबांच्या खात्यात जमिनीचे पैसे एकदम जमा झाले. असा पैसा पुढे स्टेट बँकेत, शहरातल्या नागरी सहकारी बँकेत किंवा महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मुदत ठेव म्हणून राहतो. ही ग्रामीण बँक 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँकेशी एकत्र होऊन राज्याची एकच ग्रामीण बँक झाली. बँक कोणतीही असो, ठेवीच्या पानामागचा हिशोब जवळपास सारखाच असतो.

तो हिशोब एका ठेवीवर करून पाहू. समजा, बदनापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 8,00,000 रुपये दोन वर्षांसाठी 7 टक्के दराने ठेवले आणि व्याज मुदतीअखेर मुद्दलासकट घेण्याचा पर्याय निवडला. त्याचे वय साठच्या आत आहे. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून ठेव 1 एप्रिल 2025 रोजी सुरू होऊन 1 एप्रिल 2027 रोजी संपते असे धरू. स्क्रीनवर Maturity Amount म्हणून 9,19,105 हा आकडा दिसेल. आठ लाखांवर 7 टक्क्यांनी दोन वर्षांचे सरळ व्याज 1,12,000 होते. स्क्रीनवरच्या आकड्यात व्याज आहे 1,19,105. वरचे 7,105 रुपये चक्रवाढीचे आहेत.

भारतातल्या बँका अशा ठेवीवर दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवतात. वार्षिक 7 टक्के म्हणजे तिमाहीला 1.75 टक्के. पहिल्या तीन महिन्यांचे व्याज 14,000 रुपये होते आणि मुद्दल 8,14,000 होते. दुसऱ्या तिमाहीचे व्याज या वाढलेल्या मुद्दलावर लागते, ते 14,245 रुपये भरते. तिसऱ्या तिमाहीचे 14,494 आणि चौथीचे 14,748. पहिल्या वर्षाच्या शेवटी ठेवीत 8,57,487 रुपये असतात. दुसऱ्या वर्षी हीच रीत पुढे चालते, त्या वर्षाचे व्याज 61,618 रुपये होते आणि बेरीज 9,19,105 वर जाते. सूत्रात मांडायचे तर असे:

```
A = P × (1 + r/4)^(4t)
A = 8,00,000 × (1.0175)^8 = 9,19,105
```

यात P म्हणजे मुद्दल, r म्हणजे वार्षिक दर (7 टक्के म्हणजे 0.07) आणि t म्हणजे वर्षे. मोबाइलमधल्या साध्या कॅल्क्युलेटरवरही 1.0175 ला आठ वेळा गुणून हा आकडा पडताळता येतो. मुदत पूर्ण तिमाह्यांची नसेल तर उरलेल्या दिवसांचे व्याज दिवसांच्या हिशोबाने लागते आणि शेवटी काही रुपयांचा फरक पडतो. तो फरक काही रुपयांपुरताच असावा. शेकड्यांत निघाला, तर दर, मुदत किंवा व्याज घेण्याचा पर्याय यांपैकी काहीतरी चुकीचे नोंदवले गेले असे समजून त्याच आठवड्यात शाखेत विचारावे.

व्याज घेण्याच्या पर्यायाची चूक सगळ्यात जास्त आढळते. ठेव करताना ॲप विचारते की व्याज मुदतीअखेर हवे, दर तिमाहीला हवे की दर महिन्याला. घाईत तिमाही पर्यायावर बोट पडले तर Maturity Amount च्या जागी 8,00,000 एवढाच आकडा दिसतो आणि नवा ठेवीदार घाबरतो. पैसे बुडालेले नसतात. दर तीन महिन्यांनी 14,000 रुपये बचत खात्यात येत राहतात आणि शेवटी मुद्दल तेवढी परत मिळते. मासिक पर्यायात महिन्याला 4,667 न मिळता सुमारे 4,640 मिळतात. तिमाहीचे व्याज तिमाही संपण्याआधीच हातात येते, म्हणून बँक त्यात तेवढी सूट कापून घेते. घरखर्चाला नियमित पैसे हवे असतील तर हे पर्याय उपयोगाचे आहेत. पैसे वाढवायचे असतील तर मुदतीअखेरचाच पर्याय निवडावा.

आता कराकडे वळू. ठेवीवरचे व्याज हे उत्पन्न आहे आणि त्यावर प्राप्तिकर लागू होतो. तो कर वसूल करण्याचे पहिले पाऊल म्हणून बँक व्याजातूनच काही भाग कापून ठेवीदाराच्या पॅनवर सरकारकडे भरते. यालाच उद्गम करकपात किंवा बोलीत टीडीएस म्हणतात. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यात हे कलम 194ए मध्ये होते. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू असून त्यात कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. बँकेच्या व्याजासाठीची मर्यादा 1 एप्रिल 2025 पासून अशी आहे: एका आर्थिक वर्षात एका बँकेकडून मिळणारे ठेवींचे व्याज 50,000 रुपयांच्या वर गेले तर 10 टक्के कपात होते. साठ किंवा त्याहून अधिक वय असलेल्यांसाठी ही मर्यादा 1,00,000 रुपये आहे. त्याआधीच्या मर्यादा अनुक्रमे 40,000 आणि 50,000 होत्या. जुन्या माहितीपत्रकांत आणि अनेकांच्या तोंडी अजून तेच आकडे आढळतात.

मर्यादा ओलांडली की कपात सगळ्या व्याजावर होते, मर्यादेच्या वरच्या भागापुरती होत नाही. उदाहरणातल्या शेतकऱ्याचे पहिल्या वर्षाचे व्याज 57,487 रुपये आहे. त्याला वाटेल की वरच्या 7,487 रुपयांचे दहा टक्के, म्हणजे 749 रुपये जातील. प्रत्यक्षात 5,749 रुपये कापले जातात. या एका गैरसमजातून शाखांमध्ये मार्चअखेर बरीच वादावादी होते.

मर्यादेतले व्याज हे बँकेतल्या सगळ्या ठेवींचे एकत्रित व्याज असते, हेही इथेच लक्षात घ्यावे. बँका संगणकाने जोडलेल्या असल्याने जालन्याच्या शाखेतली ठेव आणि परतूरच्या शाखेतली ठेव एकाच पॅनखाली एकत्र धरल्या जातात. आवर्ती ठेवीचे व्याजही त्यात मोजले जाते. बचत खात्याचे व्याज मात्र या मोजणीत येत नाही. म्हणून आठ लाखांच्या एका ठेवीऐवजी दोन-दोन लाखांच्या चार ठेवी त्याच बँकेत केल्या तरी कपात टळत नाही. उलट चारही ठेवींच्या पानांवर थोडी थोडी कपात दिसते, आणि 'या ठेवीचे व्याज तर चौदा हजारच आहे, मग कर कशाचा?' असा प्रश्न पडतो. ठेव दोघांच्या नावे असेल तर साधारणपणे पहिल्या नावाच्या पॅनवर कपात होते.

दुसरी अडचण कपात केव्हा होते यातून येते. शेतकऱ्याने व्याज मुदतीअखेर घ्यायचे ठरवले आहे, त्याच्या हातात दोन वर्षे एक रुपयाही येणार नाही. तरीही कर दरवर्षी कापला जातो. कारण व्याज ठेवीत जमा झाले, किंवा वर्षअखेर बँकेने ते देणे म्हणून आपल्या हिशोबात मांडले, की कायद्याच्या दृष्टीने ते देऊ झाले. काही बँका दर तिमाहीला व्याज मिळवतानाच कपात करतात, काही मार्चअखेर. उदाहरणासाठी ती 31 मार्चला होते असे धरू.

31 मार्च 2026 रोजी ठेवीत 8,57,487 रुपये झालेले असतात. त्याच दिवशी ठेवीच्या खातेउताऱ्यात TDS अशी नोंद होऊन 5,749 रुपये वजा होतात आणि 8,51,738 रुपये उरतात. दुसऱ्या वर्षाचे व्याज या कमी झालेल्या रकमेवर चालते, म्हणून ते 61,618 ऐवजी 61,205 रुपये होते. त्यावर 6,121 रुपये कापले जातात. मुदत संपल्यावर खात्यात जमा होतात 9,06,822 रुपये. स्क्रीनवर पहिल्या दिवशी दिसलेल्या आकड्यापेक्षा हे 12,283 रुपये कमी आहेत. त्यातले 11,870 रुपये दोन वर्षांचा कापलेला कर आहे. उरलेले 413 रुपये कर मध्येच निघून गेल्याने बुडालेले चक्रवाढ व्याज आहे. 11,870 रुपये ठेवीदाराच्या नावावर सरकारकडे जमा असतात आणि देय कर नसेल तर परत मागता येतात. 413 रुपये मात्र कोणाकडूनच परत मिळत नाहीत.

काही बँका कराची रक्कम ठेवीतून न घेता जोडलेल्या बचत खात्यातून घेतात. अशा वेळी ठेव पूर्ण आकड्यावर वाढत राहते, स्क्रीनवरचा Maturity Amount खरा ठरतो, पण बचत खात्याच्या पासबुकात मार्चअखेर पाच-सहा हजारांची अनोळखी वजावट दिसते. आपल्या बँकेची रीत कोणती हे ठेव करतानाच विचारून घेतले तर ही नोंद दिसल्यावर फसवणुकीची शंका येत नाही.

ठेव कोणत्या महिन्यात सुरू झाली याचा कपातीवर केवढा परिणाम होतो हे फारसे कोणी सांगत नाही. हीच आठ लाखांची ठेव 1 ऑक्टोबर 2025 रोजी सुरू झाली असती तर 31 मार्च 2026 पर्यंत फक्त दोन तिमाह्यांचे, 28,245 रुपये व्याज झाले असते. ते मर्यादेच्या आत असल्याने त्या मार्चला काहीच कापले गेले नसते. पुढच्या पूर्ण आर्थिक वर्षात 59,517 रुपये व्याज होऊन 5,952 रुपये कापले गेले असते. शेवटच्या सहा महिन्यांचे व्याज एकतीस हजारांच्या आसपास, म्हणून पुन्हा कपात नाही. रक्कम, दर आणि मुदत तीच असूनही एका ठेवीत 11,870 आणि दुसरीत 5,952 रुपये कपात होते. शेजाऱ्याच्या ठेवीतून कमी पैसे गेले म्हणून बँकेवर संशय घेण्याआधी दोन्ही ठेवींच्या तारखा पाहाव्यात. द्यायचा एकूण कर या तारखांनी बदलत नाही, बँक किती आगाऊ कापते तेवढेच बदलते.

कपातीचा आकडा दुप्पट दिसला तर कारण बहुधा पॅनमध्ये असते. ठेवीला पॅन जोडलेला नसेल, किंवा आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल, तर कपात 10 ऐवजी 20 टक्क्यांनी होते. उदाहरणातल्या पहिल्या वर्षात 5,749 ऐवजी 11,497 रुपये गेले असते. पॅन अजिबात दिलेला नसेल तर कापलेली रक्कम कोणाच्याच नावावर नोंदली जात नाही आणि ती परत मागणे अतिशय कठीण होते. जिल्ह्यातल्या जुन्या खातेदारांत, विशेषतः ज्यांचे खाते अनुदानासाठी उघडले गेले होते, त्यांच्या खात्याला पॅन नसणे ही आजही आढळणारी गोष्ट आहे. मोठी रक्कम ठेवण्यापूर्वी ॲपमधल्या प्रोफाइलच्या पानावर पॅनचे चार शेवटचे अंक-अक्षर दिसतात का ते पाहावे. ज्येष्ठ नागरिकांनी तिथेच जन्मतारीखही तपासावी, कारण ती चुकीची नोंदलेली असेल तर वाढीव मर्यादाही मिळत नाही आणि ज्येष्ठांना मिळणारा जादा व्याजदरही मिळत नाही.

ज्याला मुळात कर लागूच होत नाही त्याच्या व्याजातून कपात होऊ नये यासाठी घोषणापत्राची सोय आहे. साठच्या आतल्यांसाठी 15जी आणि त्यावरच्यांसाठी 15एच या नावांनी हे अर्ज वर्षानुवर्षे ओळखले जातात. नव्या कायद्याखाली अर्जाचा क्रमांक वेगळा असला तरी शाखेत या नावांनी विचारले की कर्मचाऱ्याला कळते. साठच्या आतल्या व्यक्तीसाठी दोन अटी आहेत: वर्षाच्या अंदाजित एकूण उत्पन्नावर कर शून्य असावा, आणि व्याजाचे एकूण उत्पन्न करमुक्त मूळ मर्यादेच्या वर नसावे. ही मूळ मर्यादा 2025-26 साठी नव्या करप्रणालीत 4 लाख आणि जुन्या प्रणालीत 2.5 लाख रुपये आहे. ज्येष्ठांसाठी फक्त पहिली अट आहे. उदाहरणातल्या शेतकऱ्याला शेतीखेरीज दुसरे उत्पन्न नसेल तर त्याचे करपात्र उत्पन्न 57,487 रुपयेच आहे आणि तो घोषणापत्र देऊ शकतो.

हे घोषणापत्र दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते, हे विसरले जाते. दोन वर्षांच्या ठेवीसाठी एप्रिल 2025 मध्ये एकदा आणि एप्रिल 2026 मध्ये पुन्हा द्यायला हवे. ते मार्चमध्ये दिले तर आधीच्या तिमाह्यांत झालेली कपात परत येत नाही, कारण ती रक्कम सरकारकडे गेलेली असते. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये हे काम काही मिनिटांत होते आणि शेवटी पोचपावतीचा क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. पात्र नसताना घोषणापत्र देणे हा कायद्याने गुन्हा आहे. कपात टाळायला म्हणून सगळ्यांनी सरसकट सही करण्याचा हा कागद नाही.

इथे जालन्यात वारंवार ऐकू येणारा एक समज दूर करायला हवा. पैसा शेतीचा आहे, त्यावर कर कसला, असे म्हटले जाते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. सरकारने सक्तीने संपादन केलेल्या जमिनीच्या मोबदल्यालाही 2013 च्या भूसंपादन कायद्यात प्राप्तिकरातून सूट आहे. पण तो पैसा बँकेत ठेवल्यावर त्यावर मिळणारे व्याज हे शेतीचे उत्पन्न नाही आणि मोबदलाही नाही. ते 'इतर स्रोतांपासून मिळालेले उत्पन्न' या सदरात मोजले जाते. मूळ पैसा कसाही आलेला असो, व्याज करपात्रच असते.

घोषणापत्र दिले नाही आणि कपात झाली, तर पुढचा मार्ग प्राप्तिकर विवरणपत्राचा. टीडीएस हा अंतिम कर नाही. तो ठेवीदाराच्या वर्षभराच्या करातून वजा होणारा आगाऊ भरणा आहे. वरच्या शेतकऱ्याचा देय कर शून्य असल्याने विवरणपत्र भरल्यावर 5,749 रुपये त्याच्या बँक खात्यात परत येतात. त्याआधी प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर आपल्या पॅनच्या कर विवरणात, म्हणजे 26एएस नावाने ओळखल्या जाणाऱ्या उताऱ्यात, बँकेने भरलेली रक्कम दिसते का ते पाहावे लागते. बँकेच्या स्क्रीनवर TDS दिसतो आणि पोर्टलवर दिसत नाही, असे मे महिन्यात सर्रास घडते. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचे तपशील बँकेने दाखल करण्याची मुदत 31 मेपर्यंत असते, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत थांबणे शहाणपणाचे. त्यानंतरही नोंद नसेल तर पॅन चुकला असण्याची शक्यता असते आणि दुरुस्ती बँकेलाच करावी लागते.

दुसरीकडे, ज्याचा कर जास्त आहे त्याचे काम 10 टक्क्यांनी भागत नाही. हीच ठेव जालन्याच्या एखाद्या कारखान्यात वरच्या पदावर असलेल्या आणि 14 लाख करपात्र उत्पन्न असलेल्या माणसाची असेल, तर 2025-26 च्या नव्या प्रणालीत त्याच्या व्याजावर 15 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. 57,487 रुपयांवर तो 8,968 रुपये होतो. बँकेने 5,749 कापले, उरलेले 3,219 रुपये त्याने स्वतः भरायचे. व्याज 50,000 च्या आत असल्याने बँकेने काहीच कापले नाही, तरीही ते उत्पन्नात दाखवावे लागते. वेगवेगळ्या बँकांत ठेवी विभागून कपात टाळता येते, कर टळत नाही, कारण प्रत्येक बँकेतल्या व्याजाची माहिती पॅनवरून विभागाकडे पोहोचतच असते. मुदतीअखेर मिळणाऱ्या व्याजाचाही कर शेवटच्या वर्षी एकदम न दाखवता दरवर्षी जेवढे व्याज जमा झाले तेवढे त्या वर्षी दाखवणे सोयीचे. बँकेची कपातही त्याच क्रमाने नोंदलेली असते आणि दोन्ही आकडे जुळतात.

ठेव मुदतीआधी मोडली तर स्क्रीनवरचा आकडा पूर्णच बदलतो. ठेव जितके दिवस राहिली तितक्या मुदतीचा दर लावला जातो आणि त्यातून दंड म्हणून बहुधा अर्धा ते एक टक्का वजा होतो. समजा, शेतकऱ्याने विहिरीच्या कामासाठी बरोबर एका वर्षाने ठेव मोडली, ठेव ठेवली त्या दिवशी एक वर्षाचा दर 6.5 टक्के होता आणि दंड एक टक्का आहे. मग व्याज 5.5 टक्क्यांनी लागेल आणि 57,487 ऐवजी 44,916 रुपये होईल. पण 31 मार्चला कर 57,487 वर कापून झालेला आहे. खरे व्याज मर्यादेच्या आत आले तरी कापलेले 5,749 रुपये बँक हातात ठेवत नाही, ते विवरणपत्रातूनच परत मिळवावे लागतात. थोड्या दिवसांसाठीच पैसे हवे असतील तर ठेव न मोडता तिच्यावर कर्ज घेतल्यास किती व्याज पडेल, हे शेजारी लिहून तुलना करावी. ॲपमध्ये ठेव मोडण्याचे बटण दाबल्यावर शेवटच्या संमतीआधी नवा आकडा दाखवला जातो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या पानावर एक गोष्ट सहसा दिसत नाही, ती म्हणजे ठेवीला विमा किती आहे. बँक बंद पडल्यास ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून जास्तीत जास्त 5 लाख रुपये देते. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून आहे, त्याआधी ती एक लाख होती. जिल्ह्यातल्या मंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2020 मध्ये निर्बंध घातले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तिचा परवाना रद्द केला, त्यामुळे हा नियम इथल्या ठेवीदारांना पुस्तकात शोधावा लागत नाही. उदाहरणातली आठ लाखांची ठेव एकाच बँकेत असेल तर तिचा पाच लाखांवरचा भाग विम्याबाहेर राहतो. दोन बँकांत चार-चार लाख ठेवले तर दोन्हीकडे दोन वर्षांचे व्याज धरूनही रक्कम पाच लाखांच्या आत, म्हणजे सुमारे 4,59,553 रुपये होते आणि सगळा पैसा विम्याखाली येतो. एकाच बँकेच्या दोन शाखांत वाटले तर हा फायदा मिळत नाही. पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांतल्या ठेवींना हा विमा लागूच नाही, त्यांच्या पावतीवर मुदतपूर्तीचा आकडा कितीही मोठा छापलेला असला तरी.